वार्षिक स्वमूल्यमापनात ‘मुलांना समजलं’ असं लिहिलं, तर सोबत पुरावा काय जोडायचा?

शुभ्रा_गणित

नमस्कार मंडळी. सहावीला गणित शिकवते, वर्गात ३४ मुलं आहेत. वार्षिक मूल्यमापनासाठी स्वतःच्या कामाबद्दल दोन पानांचं निवेदन लिहायचं आहे आणि या वर्षी सूचना आहे की प्रत्येक विधानाला पुरावा जोडा. मुलांचं काम, वर्गनिरीक्षणाची नोंद, काहीही चालेल.

वर्षभर मी सगळ्यात जास्त मेहनत दशांश अपूर्णांकांच्या तुलनेवर घेतली. ०.४५ मोठा की ०.६, या प्रश्नावर सुरुवातीला निम्मा वर्ग ०.४५ म्हणत होता, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. माझा कच्चा परिच्छेद असा आहे:

“संख्यारेषा व गटचर्चा यांचा प्रभावी वापर केल्यामुळे विद्यार्थ्यांच्या दशांश अपूर्णांकांच्या आकलनात लक्षणीय सुधारणा झाली. पहिल्या चाचणीत सरासरी २० पैकी ११ गुण होते, ते दुसऱ्या चाचणीत १५ झाले. वर्गनिरीक्षणातही विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला असल्याचे नमूद आहे.”

खोटं यात काही नाही, पण वाचताना मलाच ते पोकळ वाटतं. नेमकं काय कमी आहे?

वर्गाबाहेर

माझ्या मते फार काही कमी नाही. आकडा आहे, आधी-नंतर आहे. ‘लक्षणीय’ काढा आणि टक्केवारी टाका: सरासरी ५५ टक्क्यांवरून ७५ टक्के. सोबत स्तंभालेख द्या. बहुतेकांच्या निवेदनात आकडाच नसतो, नुसती विशेषणं असतात. तुमचं त्या मानाने पुष्कळ पुढे आहे.

नवी_पाटी

आमच्याकडे मुलं स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करतात. हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा असा तक्ता आहे, मुलं आवडीने भरतात. हवा असेल तर पाठवते.

शुभ्रा_गणित

नवी_पाटी, धन्यवाद, पण इथे मूल्यमापन माझं आहे, मुलांचं नाही. तो तक्ता वर्गासाठी मात्र नक्की पाठवा.

जुना_खडू

शुभ्राताई, पुष्कळ वर्षं शिकवलं आणि नंतर बरीच वर्षं अशी निवेदनं वाचण्याचं कामही केलं, म्हणून विचारतो. दोन्ही चाचण्यांतले तुलनेचे प्रश्न इथे जसेच्या तसे लिहाल का? फक्त तुलनेचे. बेरीज-वजाबाकीचे नकोत.

वर्गाबाहेर म्हणतात तसा आकडा हवा हे बरोबर, पण सरासरीत काय मिसळलंय हे कळल्याशिवाय टक्केवारी काढून उपयोग नाही.

शुभ्रा_गणित

पहिली चाचणी मी घेतली होती. तुलनेच्या चार जोड्या: ०.४५ आणि ०.६, ०.३ आणि ०.२५, ४.८ आणि ४.६३, ०.७५ आणि ०.८.

दुसरी चाचणी विभागाची सामाईक होती, प्रश्न वरून आले. त्यात तीन जोड्या: ०.८६ आणि ०.५; ३.७४ आणि ३.२, ०.९२ आणि ०.४. बाकी बेरीज, वजाबाकी आणि शाब्दिक उदाहरणं.

जुना_खडू

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. पहिल्या चारही जोड्यांत कमी अंकांची संख्या मोठी आहे. दुसऱ्या तिन्ही जोड्यांत जास्त अंकांची संख्या मोठी आहे.

जो मुलगा “जास्त अंक म्हणजे मोठी संख्या” असं मानतो, त्याचं पहिल्या चाचणीत सगळं चुकेल आणि दुसऱ्या चाचणीत सगळं बरोबर येईल. मधल्या काळात तो काहीही शिकला नाही तरीही. त्याला ०.८६ आणि ०.५ विचारा, तो ८६ आणि ५ बघेल, ०.८६ सांगेल, आपण बरोबरची खूण करू.

म्हणजे तुमची सरासरी वाढली ती शिकण्यामुळे की प्रश्न बदलल्यामुळे, हे या दोन चाचण्यांवरून सांगताच येत नाही. मुलं शिकली नाहीत असं मी म्हणत नाहीये. कदाचित खूप शिकली असतील. पण जोडलेला पुरावा ते दाखवू शकत नाही.

यावर मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी बरंच काम केलं आहे. जोड्या अशा निवडायच्या की एकूण गुण कितीही येवोत, नेमक्या कुठल्या प्रकारच्या जोड्या चुकल्या यावरून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं. उलटा गैरसमजही असतो: “शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान.” असं मूल तुमच्या पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवेल, आणि ०.८६ व ०.५ मध्ये ०.५ मोठा म्हणेल.

वर्गाबाहेर

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग माझा स्तंभालेख बाद. पण खरंच, इतक्या बारकाईने कोण वाचतं?

कोरा_फळा

मलाही तोच प्रश्न आहे. आमच्या साहेबांनी गेल्या वर्षी निवेदन उघडलंसुद्धा नव्हतं. मी जोडलेल्या पानांच्या पिना तशाच होत्या. शुभ्राताईंनी रात्री जागून जोड्यांचं वर्गीकरण करायचं आणि समोरच्याने सही ठोकून फाइल बंद करायची, हे मला पटत नाही. तो वेळ पुढच्या धड्याला द्यावा.

शुभ्रा_गणित

कोरा_फळा, तुमचा राग कळतो. पण जुना_खडू यांनी विचारल्यावर माझीच झोप उडाली आहे. साहेबांनी वाचो न वाचो, मुलांना ते आलंय की नाही हे मलाच माहीत नाही, ही गोष्ट जास्त टोचते. उद्या सहा जोड्यांची छोटी चिठ्ठी देते, दोन्ही प्रकारच्या तीन-तीन, मिसळून. गुण नाहीत, कुणाला कमी-जास्त नाही.

जुना_खडू

छान. एक भर घाला: ०.४५ आणि ०.६ या जोडीसाठी “कसं ठरवलं ते एका ओळीत लिही” असं सांगा. तुम्हाला त्या ओळीचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल. आणि पहिल्या चाचणीचे पेपर फेकले नसतील तर नावानिशी जुळवा. वर्गाची सरासरी हलली, यापेक्षा तेव्हा चुकणारं मूल आज कुठे आहे हे जास्त बोलतं.

चित्रकला_वर्ग

मी चित्रकला शिकवते. आमच्याकडे ना चाचणी, ना जोड्या. निवेदनात मी मुलांची सर्वोत्तम चित्रं लावते, आणि दर वर्षी अभिप्राय येतो “सुंदर काम”. शुभ्राताईंचं वाचून वाटलं, त्या चित्रांतून माझं काम दिसतं की त्या चार मुलांची उपजत कला? ती मुलं माझ्याकडे यायच्या आधीही तशीच काढत होती.

शारदा_ग्रंथपाल

चित्रकला_वर्ग, एकाच मुलाची दोन चित्रं का नाही लावत? तोच विषय, वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं. खुर्ची समोर ठेवून काढलेली, म्हणा. मागचे पाय पुढच्या पायांच्या वर आले का, बैठकीची कड तिरपी दिसते का, हे कुणालाही बघता येईल.

चित्रकला_वर्ग

हे करता येईल! आणि मुद्दाम मधल्या मुलाचं घेता येईल, सगळ्यात हुशार नको. फक्त सुरुवातीची चित्रं मुलं घरी घेऊन जातात. पुढच्या वर्षी पहिल्या महिन्यातच फोटो काढून ठेवीन.

जुना_खडू

फोटो काढताना तारीख दिसू द्या आणि नाव झाका. मुलाचं नाव दिसणारं काम मूल्यमापनाच्या कागदात जाऊ नये. तो कागद कुणाकुणाच्या हातून जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं. ‘विद्यार्थी अ’, ‘विद्यार्थी ब’ पुरे. आणि प्रत्येक नमुन्याखाली एक ओळ लिहा की नेमकं कुठे बघायचं. दहा वह्या जोडून “पाहा” म्हटलं तर वाचणारा एकही बघत नाही. तीन जोडा आणि बोट ठेवून दाखवा.

मैदान_सर

खेळाच्या तासाचा पुरावा म्हणून मी मुलांच्या गुडघ्यावरची पट्टी दाखवू का? 🙂

शुभ्रा_गणित

मैदान_सर 😄

चिठ्ठी झाली. ३२ मुलं हजर होती.

सहाही जोड्या बरोबर: १९. फक्त “कमी अंकांची संख्या मोठी” या प्रकारच्या जोड्या चुकल्या, म्हणजे जुना गैरसमज कायम: ७. बरोबर उलट चुकलेली, म्हणजे कमी अंक म्हणजे मोठी संख्या मानणारी: ३. कुठलाही नमुना न दिसणारी: ३.

पहिल्या चाचणीचे पेपर सापडले. तेव्हा चारही जोड्या चुकलेली १६ मुलं होती. त्यातलं एक गैरहजर. उरलेल्या १५ पैकी आज ८ जणांचं सगळं बरोबर आहे, ५ जण तिथेच आहेत, एक नमुना नसलेल्यांत गेला, आणि एक मुलगी चक्क दुसऱ्या टोकाला गेली. आता ती ०.८६ पेक्षा ०.५ मोठा म्हणते.

खरं सांगायचं तर १५ पैकी ८ बघून मन खट्टू झालं. “लक्षणीय सुधारणा” लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे याहून मोठं चित्र होतं.

वर्गाबाहेर

५३ टक्के. वाईट नाही हो. आणि तुमच्या पहिल्या चाचणीत ज्यांचं बरोबर होतं ती तर आधीच पक्की होती. ती मिळवून एकूण १९ लिहा, ३२ पैकी १९, जास्त चांगलं दिसतं.

जुना_खडू

वर्गाबाहेर, इथे थांबूया. पहिल्या चाचणीत एकाच प्रकारच्या जोड्या होत्या, त्यामुळे तिथे बरोबर आलेली मुलं पक्की होती असं धरता येत नाही. त्यांच्यात उलट्या गैरसमजाची मुलं लपलेली असू शकतात. आज जी तीन सापडली, त्यातली बाकीची दोन बहुधा तिथली असतील.

शुभ्राताई, ती एक मुलगी माझ्या दृष्टीने तुमच्या निवेदनातला सगळ्यात मोलाचा नमुना आहे. अशी मुलं बऱ्याचदा शिकवण्यातूनच तयार होतात. “जास्त अंक म्हणजे मोठं असं नसतं” हे आपण इतक्यांदा सांगतो की मूल उलटा नियम पकडतं. तिला आधीचा नियम चुकीचा आहे हे कळलं, पण त्याच्या जागी स्थानिक किंमत आली नाही, दुसरा नियम आला. तिच्या दोन्ही कागदांची प्रत जोडा.

आता ८ जणांची कारणाची ओळ काय म्हणते?

शुभ्रा_गणित

तुम्ही म्हणालात ते खरं, बाकीच्या दोघांचं पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी बरोबर होतं.

८ जणांपैकी पाचांनी साधारण असं लिहिलंय: “०.६ ला शून्य लावलं, ०.६० झालं, ६० हे ४५ पेक्षा मोठे.” तिघांनी लिहिलंय: “दशांश स्थानी ६ आहे, तिकडे ४ आहे.” एकाने तर “शतांश कितीही असले तरी ४ चे ५ पण होत नाहीत” असं लिहिलंय. ते वाचून मी स्टाफरूममध्ये टाळी वाजवली.

शून्य लावण्याची युक्ती मी शिकवलेली नाही. शिकवणीत शिकवली असावी किंवा आपापसांत पसरली असावी.

कोरा_फळा

मग त्या पाचांचं श्रेय शिकवणीला जाणार? बघा, पुरावा पुरावा करता करता शिक्षकाच्या हातात काहीच उरत नाही. याच कारणासाठी मी या प्रकाराच्या विरोधात आहे.

जुना_खडू

कोरा_फळा, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मी तो वेगळ्या बाजूने बघतो. वर्षभरात मुलावर शंभर गोष्टींचा परिणाम होतो. “माझ्यामुळे झालं” हे एका वर्गाच्या कागदांवरून कुणालाच सिद्ध करता येत नाही, मग ते मागणंही चूक आणि लिहिणंही चूक. ताईंच्या कच्च्या परिच्छेदात ‘केल्यामुळे’ हा शब्द आहे ना, सगळ्यात जास्त ओझं त्याच्यावर पडलंय. तो काढला की वाक्य हलकं होतं आणि खरंही होतं: मी हे केलं, त्याच काळात मुलांच्या कामात हे बदललं, दोन्हींत संबंध आहे असं मला या या कारणाने वाटतं.

आणि तिघांच्या बाबतीत कारण दाखवता येतंही. त्यांच्या ओळीत वर्गातली भाषा आली आहे. दशांश स्थान, शतांश, “कितीही असले तरी”. पाचांच्या ओळीत ती नाही. म्हणून त्या तिघांबद्दल जास्त ठाम लिहा, पाचांबद्दल कमी.

शून्य लावणाऱ्यांना समजलेलं नाही असंही म्हणू नका. काहींना दोन्ही येत असेल. ‘तुलना अचूक करतात’ एवढं लिहा, ‘आकलन झाले’ लिहू नका. चिठ्ठीने तुलना तपासली, आकलन नाही. हवं तर त्या पाचांना विचारा: ०.६ आणि ०.६१ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? “नाही, ६० नंतर ६१च येतो” असं उत्तर आलं तर कळेल की दशचिन्हापुढचा भाग ते अजून पूर्ण संख्येसारखाच वाचतात.

मनाली_उपमु

मी निरीक्षण करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. शुभ्रा, तुमच्या निरीक्षणाच्या नोंदीत नेमकं काय लिहिलंय? “सहभाग चांगला” हे मत झालं. निरीक्षकाने ऐकलेलं-पाहिलेलं काही आहे का?

शुभ्रा_गणित

आहे मॅडम. निष्कर्षाच्या रकान्यात “वर्गनियंत्रण चांगले, सहभाग चांगला” आणि श्रेणी आहे. पण मागच्या पानावर त्यांनी तासभर टिपणं घेतली होती. मी ती आधी नीट वाचलीच नव्हती. एक तुकडा देते:

“शिक्षिका: ०.४५ की ०.६? मुलगा: ०.४५, ४५ मोठे. शिक्षिका चूक-बरोबर सांगत नाहीत. म्हणतात, रेषेवर दोन्ही दाखव. मुलगा ०.४ च्या थोडं पुढे खूण करतो. मग ०.६ ची खूण करतो. थांबतो. ‘हे पुढे आहे.’ शिक्षिका: मग आता? मुलगा: ०.६. शिक्षिका: ४५ चं काय झालं? मुलगा गप्प. शेजारची मुलगी: ते ४५ शतांश आहेत. मागच्या दोन बाकांवरची मुलं फळ्यावरचं उतरवून घेत आहेत, चर्चेत नाहीत.”

मनाली_उपमु

“सहभाग चांगला” पेक्षा याला कितीतरी जास्त वजन आहे! तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, मुलाला त्याचंच उत्तर रेषेवर तपासायला लावलंत, आणि तो अडकल्यावर “४५ चं काय झालं” विचारून पुन्हा मूळ गैरसमजाकडे आणलंत. हे तिसऱ्या माणसाने पाहिलेलं आहे. निवेदनात हा तुकडा जसाच्या तसा द्या, श्रेणी नको.

पण त्याची मर्यादाही सांभाळा. या नोंदीवरून तुम्ही त्या तासाला काय केलंत ते दिसतं. वर्ग शिकला का, ते दिसत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या आहेत. पुष्कळ जण निरीक्षण देऊन शिकण्याचा दावा करतात आणि गुण देऊन शिकवण्याचा. अदलाबदल झाली की दोन्ही लंगडे पडतात.

आणि एका निरीक्षकाचा एक तास म्हणजे फार थोडं. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनच्या निधीतून एमईटी नावाचा मोठा प्रकल्प झाला होता. त्यात दिसलं की त्याच निरीक्षकाने आणखी एक तास बघण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने बघितलेल्या तासाने निष्कर्षाचा भरवसा जास्त वाढतो. तुमच्या विषयाच्या सहकाऱ्याला एक तास बसायला सांगता आलं तर बघा.

नवी_पाटी

मागच्या बाकांचं वाक्य मात्र वगळा हो. स्वतःविरुद्ध कशाला द्यायचं?

मनाली_उपमु

मूळ नोंद माझ्यासारख्या कुणाच्या तरी कपाटात असतेच. वाक्य गाळलेलं दिसलं की बाकीच्या उताऱ्यावरचाही विश्वास जातो.

शारदा_ग्रंथपाल

मला एक शंका आहे. मागच्या दोन बाकांवर बसणारी मुलं आणि आजही अडकलेली ५ मुलं, ही एकच आहेत का?

शुभ्रा_गणित

शारदाताई, आत्ता बसण्याचा तक्ता काढून बघितला. पाचांपैकी चार त्या तासाला मागच्या दोन बाकांवर होती.

आता सगळंच वेगळं दिसतंय. मी याला पद्धतीचा प्रश्न समजत होते. इथे संख्यारेषेचा दोष आहे की नाही ठाऊक नाही. त्या मुलांच्या हातात ती रेषा आलीच नाही. फळ्यावर एक जण करतो आणि बाकीचे उतरवतात.

जुना_खडू

शाब्बास शारदाताई. एवढंच सांभाळा की तो एका तासाचा तक्ता आहे आणि चार मुलं आहेत. मागे बसल्यामुळे अडकली, की ज्यांना जमत नाही ती मागे जाऊन बसतात, हे त्यावरून ठरत नाही. पण पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट ठरवायला एवढं पुरेसं आहे.

शुभ्रा_गणित

पुन्हा लिहिला. बघा:

“वर्षाच्या सुरुवातीच्या चाचणीत ३४ पैकी १६ विद्यार्थ्यांनी ०.४५ व ०.६ यांसारख्या चारही जोड्यांत जास्त अंकांची संख्या मोठी मानली. मी या विषयावर उत्तर न सांगता विद्यार्थ्याला स्वतःचे उत्तर संख्यारेषेवर तपासायला लावण्याची पद्धत ठेवली (निरीक्षण नोंदीतील उतारा सोबत). विभागीय चाचणीतील जोड्या वेगळ्या प्रकारच्या असल्याने त्यांची तुलना येथे केलेली नाही. वर्षअखेर दोन्ही प्रकारच्या मिश्र सहा जोड्या दिल्या. त्या १६ पैकी १५ विद्यार्थी हजर होते. ८ जणांनी सहाही जोड्या अचूक केल्या. त्यांतील तिघांनी दशांश व शतांश स्थानांचा आधार घेऊन कारण लिहिले (नमुना १), पाच जणांनी शून्य जोडण्याची युक्ती वापरली; त्यांची स्थानिक किंमत पक्की आहे की नाही हे या चाचणीतून कळत नाही. पाच विद्यार्थ्यांचा मूळ गैरसमज कायम आहे (नमुना २), एका विद्यार्थ्याच्या उत्तरांत निश्चित नमुना नाही. एका विद्यार्थिनीने उलट नियम धरला आहे (नमुना ३). मूळ गैरसमज कायम असलेल्या पाचपैकी चार विद्यार्थी निरीक्षणाच्या तासाला फळ्यावरील काम केवळ उतरवून घेत होते. पुढील वर्षी प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र संख्यारेषेची पट्टी देऊन, पहिल्या सत्रातच याच सहा जोड्यांच्या प्रकाराने तपासणी करीन.”

वर्गाबाहेर

मान्य. माझ्या स्तंभालेखापेक्षा हे शंभर पटीने चांगलं आहे. फक्त “याच सहा जोड्या” दिल्यात तर मुलं एकमेकांना सांगतील, त्या लिहू नका.

शुभ्रा_गणित

म्हणून ‘प्रकाराने’ लिहिलंय. संख्या बदलेन, रचना तीच ठेवेन.

कोरा_फळा

परिच्छेद उत्तम आहे, मनापासून सांगतो. पण माझा प्रश्न सुटलेला नाही. ज्या ठिकाणी या कागदावर वेतनवाढ ठरते, तिथे शेजारच्या वर्गाचा शिक्षक “सरासरी ५५ वरून ७५ टक्के” लिहील आणि शुभ्राताई “१५ पैकी ८” लिहितील. वाचणारा घाईत असेल तर कुणाला वरची श्रेणी मिळेल?

मनाली_उपमु

घाईत वाचणाऱ्याकडून शेजाऱ्याला मिळेल, हे मी नाकारत नाही. मी स्वतः दावा आणि पुरावा जुळतो का तेच बघते, पण सगळ्या वाचणाऱ्यांची हमी कशी देणार?

जुना_खडू

मला वाटतं, जिथे कागदावर पैसे अवलंबून आहेत तिथे तथ्यं तीच ठेवून क्रम बदलायला हरकत नाही. मूल स्वतःचं उत्तर तपासतं तो उतारा आणि “शतांश कितीही असले तरी” ही ओळ सगळ्यात वर ठेवा, मग आकडे. वाचणाऱ्याने आधी काम पाहावं. पण अडकलेली पाच मुलं गाळायची नाहीत.

कोरा_फळा

क्रम बदलणं आणि सजवणं यातली रेघ कुठे ओढायची, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. असो.

चित्रकला_वर्ग

शुभ्राताई, त्या शून्य लावणाऱ्या पाचांना ०.६ आणि ०.६१ च्या मधली संख्या विचारलीत का?

शुभ्रा_गणित

चौघांना विचारलं, एक आज आला नाही. दोघं “नाही” म्हणाले. एकाने बराच विचार करून दोन्हीला आणखी एक शून्य लावलं, ०.६०० आणि ०.६१०, आणि म्हणाला, “मग ०.६०५ आहे की!” चौथीने विचारलं, “अशा किती असतात?” त्यावर वर्गात अर्धा तास गेला, धडा राहिला. हे निवेदनात कुठे बसवायचं ते सांगा.

मनाली_उपमु

नमुना ४ म्हणून जोडा. आणि “कळत नाही” हे वाक्य आता दुरुस्त करा: चौघांपैकी एकाने शून्याची युक्ती स्वतःच पुढे नेली, दोघं अजून तिथेच आहेत, आणि चौथीने उत्तराऐवजी प्रश्न विचारला. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहा.